r = 3 ला नक्की काय होतं? उत्तर एक की दोन?

अनघा_सिंहगडरोड

मंडळी, घरात दोन दिवस वाद चाललाय, निकाल तुम्हीच लावा.

लेक एस. वाय. बी. एस्सी.ला आहे. गणिताच्या प्रात्यक्षिकात लॉजिस्टिक मॅप आलाय. एक संख्या घ्यायची, सूत्रात घालायची, आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालायचं, असं करत जायचं:

```
x(n+1) = r * x(n) * (1 - x(n))
```

सुरुवात ०.५ पासून, शंभर वेळा करायचं आणि "क्रमिका कुठे स्थिरावते ते लिहा". r च्या चार किमती दिल्यात: २, २.५, ३ आणि ३.२. पहिल्या दोन सोप्या गेल्या. २ ला ०.५ वर बसून राहते, २.५ ला ०.६ वर येते. ३.२ ला ०.५१३ आणि ०.७९९ अशा दोन संख्या आलटून पालटून येत राहतात, तेही वहीत बरोबर आहे.

घोळ ३ ला आहे. एक्सेलमध्ये शंभराव्या ओळीत ०.६४३ आहे, एकशेएकाव्या ओळीत ०.६८८. पुन्हा खाली, पुन्हा वर. म्हणून लेकीने लिहिलं, "दोन संख्यांत झुलते". मॅडमनी लाल शाईने गोल काढून बाजूला लिहिलंय: "एकच. २/३." कारण काही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "थिअरी बघ."

मी स्वतः बी. एस्सी. गणित, पण त्यानंतर तीस वर्षं बँकेत व्याज मोजलंय. डेरिव्हेटिव्ह काढलं तर ते बरोब्बर उणे १ येतं. आता उणे १ म्हणजे स्थिर की अस्थिर? पुस्तकात लिहिलंय, चिन्ह सोडून १ पेक्षा कमी असेल तर स्थिर, जास्त असेल तर अस्थिर. बरोब्बर १ ला काय, ते लिहायला लेखक विसरला असावा. नवरा म्हणतो, मॅडम म्हणतात ते लिहा आणि जेवायला वाढा.

चाकण_एक्सप्रेस

ताई, लॉजिस्टिकमध्ये बावीस वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, मॅपवर दोन रस्ते दाखवत असेल तरी ट्रक एकाच रस्त्याने न्यायचा. तळेगाव चौकातून गेलात तर दिवस गेला. तुमच्या मुलीला गोडाऊनची व्हिजिट हवी असेल तर सांगा, करून देतो.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

@चाकण_एक्सप्रेस, दादा, धागा वाचून प्रतिसाद द्यायचा नियम पुण्यात तरी पाळा.

बग_बाबा

मॅडम चूक, मुलगी बरोबर. मी आत्ताच प्रोग्राम लिहून पाहिला. दर पायरीला बघायचं, ही संख्या आणि दोन पायऱ्यांपूर्वीची संख्या यांत दशलक्षांशापेक्षा कमी फरक आहे का. असला तर क्रमिका दोनाच्या चक्रात पडली. r = 3 ला माझा प्रोग्राम जेमतेम चार हजार पायऱ्यांत थांबतो आणि सांगतो: आवर्त दोन, किमती ०.६६३ आणि ०.६७०. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.

ऋजुता_प

बग_बाबांशी सहमत, पण कारण वेगळं. स्थिरबिंदू म्हणजे जी संख्या घातली की तीच परत मिळते ती. इथे ती `1 - 1/r`. तिथे डेरिव्हेटिव्ह `2 - r`. ते उणे १ च्या आत असेपर्यंत बिंदू स्थिर, म्हणजे r तीनच्या खाली असेपर्यंत. ३ ला स्थिरता संपते. आणि स्थिरता संपली की दोनाचं चक्र जन्माला येतं, ह्यालाच पीरियड डबलिंग म्हणतात. म्हणून ३ ला उत्तर दोन. आमच्या वेळी तरी असंच शिकवलं होतं.

प्राध्यापक_नव्हे

ऋजुता, तुमचं पाऊण बरोबर आहे आणि उरलेल्या पावातच हा धागा आहे. मॅडमचं उत्तर बरोबर. मुलीची एक्सेलसुद्धा बरोबर. फक्त शंभर पायऱ्या फार म्हणजे फारच कमी आहेत.

आधी डेरिव्हेटिव्ह करतं काय ते बघू. क्रमिका स्थिरबिंदूपासून थोडी दूर आहे, त्या अंतराला e म्हणू. एक पायरी पुढे गेलं की ते अंतर साधारण डेरिव्हेटिव्हच्या पटीत होतं. r = 2.5 ला डेरिव्हेटिव्ह उणे ०.५, म्हणजे दर पायरीला चूक निम्मी होते आणि बाजू बदलते. वीस पायऱ्यांत ती दहा लाखांश उरते. r = 2.9 ला उणे ०.९, म्हणजे दर पायरीला फक्त दहा टक्के घट. तरी शंभर पायऱ्यांनी काम होतं. आणि r = 3 ला उणे १. म्हणजे चूक बाजू बदलते, पण तेवढीच राहते. डेरिव्हेटिव्ह इथे "स्थिर" म्हणत नाही, "अस्थिर"ही म्हणत नाही. ते हात वर करतं. ऋजुता, तुम्ही त्या हात वर करण्याला "अस्थिर" समजलात.

मग डेरिव्हेटिव्हने जे सोडून दिलं ते मोजावं लागतं. x = 2/3 + e घालून एक पायरी करा:

```
e  ->  -e - 3e^2
```

ही चिन्ह बदलणारी भानगड नको म्हणून दोन पायऱ्या एकदम करू. म्हणजे आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा. कागदावर करून बघा, वर्गाची पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं हे:

```
e  ->  e - 18e^3 - 27e^4
```

वजा १८ गुणिले e चा घन. म्हणजे दर दोन पायऱ्यांना चूक कमी होते खरी, पण तिच्या घनाच्या मापाने. e जर ०.०२ असेल तर घन आठ दशलक्षांश, त्याच्या अठरा पट म्हणजे ०.०००१४. क्रमिका ०.०२ दूर उभी आहे आणि पाऊल टाकतेय ०.०००१४ चं. डोळ्यांना ती थांबलेलीच दिसणार.

अनघा_सिंहगडरोड

अहो पण थांबत नाही हे नक्की कशावरून? पाऊल लहान लहान होत गेलं तर ती ०.६६० आणि ०.६७३ अशा कुठल्यातरी जोडीवर कायमची अडकूही शकते ना? एखादा निवृत्त माणूस रोज थोडं कमी चालत चालत शेवटी गॅलरीतच फिरायला लागतो, तसं. आमच्या घरी उदाहरण आहे.

प्राध्यापक_नव्हे

योग्य शंका. नुसतं "कमी होत जातं" म्हणून शून्यावरच जातं असं नाही. इथे मात्र पळवाट बंद आहे.

कुठल्याही जोडीवर अडकायचं तर त्या जोडीतल्या प्रत्येक संख्येवर दोन पायऱ्या केल्या की तीच संख्या परत यायला हवी. दोन पायऱ्यांचं सूत्र x च्या चौथ्या घाताचं आहे. त्यातून x वजा करा आणि अवयव पाडा. r = 3 ला येतं:

```
f(f(x)) - x = -27 x (x - 2/3)^3
```

हे शून्य कधी होतं? x शून्य असताना किंवा २/३ असताना. बस. चार मुळांपैकी तीन एकाच जागी, २/३ वर, गर्दी करून बसली आहेत. अडकायला तिसरी जागाच नाही. आता ०.५ पासून दर दुसरी संख्या घ्या: ०.५, ०.५६२५, ०.५७९७, ०.५९००... ही वाढत जाते आणि २/३ च्या वर जात नाही. वाढणारी आणि वर छप्पर असलेली क्रमिका कुठेतरी टेकतेच, आणि जिथे टेकते तिथे वरचं समीकरण शून्य असावं लागतं. म्हणून २/३. उरलेल्या संख्या वरून खाली येतात, त्याही तिथेच.

तुमच्या घरातल्या उदाहरणाला मात्र हे लागू नाही.

फाउंड्रीवाले_काका

गणित मला कळत नाही पण हे ओळखीचं वाटतंय. आमच्या बिल्डिंगला सोलर आहे. गरम पाणी येतं टाकीतून, चौथ्या मजल्यावरून. नळ फिरवला की पाणी गार-गरम व्हायला दहा सेकंद लागतात. पाणी गार आलं म्हणून मी नळ गरमकडे फिरवतो, दहा सेकंदांनी चटका बसतो. पुन्हा गारकडे. थोडा थोडा फिरवला तर दोन-तीन झटक्यांत जमतं. जास्त फिरवला तर दर वेळी आधीपेक्षा जास्त चटका. आणि मधे एक असा हात असतो की जेवढं गार होतं तेवढंच गरम होतं, मग तेवढंच गार. उणे १ म्हणजे तो हात का?

प्राध्यापक_नव्हे

काका, तोच हात. याहून चांगलं वर्गात सांगता येणार नाही. उणे चिन्ह म्हणजे दर वेळी दुसऱ्या बाजूला जाणं, आणि आकडा म्हणजे चुकीच्या किती पट दुसऱ्या बाजूला गेलात ते. ०.५ असेल तर जमेल, १.२ असेल तर पोळेल. बरोब्बर १ असेल तर नळाची चाल सरळ रेषेत नसून जी किंचित वाकडी असते ती ठरवते, काही आंघोळींनंतर. वरच्या सूत्रातला घन म्हणजे तो वाकडेपणा. तो इथे वजा चिन्हाचा निघाला म्हणून क्रमिका आत ओढली गेली. दुसऱ्या एखाद्या सूत्रात तो अधिक निघाला असता तर डेरिव्हेटिव्ह उणे १ असूनही क्रमिका बाहेर फेकली गेली असती. म्हणूनच पुस्तकात १ ला काय होतं ते एका वाक्यात लिहिता येत नाही.

गणपत_जुन्नरकर

आमच्याकडं कांद्याचं हेच हाय. एका साली भाव मिळाला की पुढल्या साली समदं शिवार कांदाच लावतंय, मंग भाव पडतोय, मंग कोणीच लावत न्हाई, मंग पुन्हा भाव. दोन सालाचं चक्कर. तुमच्या पोरीला म्हणावं मंचरच्या मार्केटला ये, r तिथं बसलाय.

ऋजुता_प

@गणपत_जुन्नरकर, गंमत म्हणजे अर्थशास्त्रात हे खरंच शिकवतात. भाव आणि लागवड यांच्या दोन रेषांमधे पुढे-मागे जाणारी आकृती काढली की कोळ्याचं जाळं दिसतं. लॉजिस्टिक मॅपची क्रमिका आलेखावर काढतानाही तसंच जाळं तयार होतं.

प्राध्यापक_नव्हे

जाळं तेच, पण कांदा म्हणजे लॉजिस्टिक मॅप असं म्हणायला मी धजावणार नाही. कांद्यात पाऊस आहे, निर्यातबंदी आहे, साठवण आहे. दर वर्षीचं सूत्र एकच राहत नाही.

गणपत_जुन्नरकर

सूत्र एकच ऱ्हातं सर. शेतकरी बुडतोय.

बेरीजवजाबाकी

आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांची आठवण कोणी काढली नाही याचं आश्चर्य वाटतं. फर्ग्युसनचे विद्यार्थी, शाळामास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, वजाबाकी करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. म्हणजे कुठलीही क्रिया पुन्हा पुन्हा केली की शेवटी एका संख्येवर थांबतेच. २/३ हा त्यातलाच प्रकार.

प्राध्यापक_नव्हे

६१७४ बद्दल बरोबर, "कुठलीही" बद्दल नाही. कापरेकरांचीच क्रिया दोन अंकी संख्यांवर करा. ०९, मग ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. पाचाचं चक्र, थांबत नाही. शिवाय तिथे मोजक्याच संख्या आहेत, त्यामुळे कधीतरी पुनरावृत्ती होणारच. डेरिव्हेटिव्हला तिथे कामच नाही, कारण ६१७४ च्या "जरा बाजूला" उभं राहून चूक किती पट झाली हे विचारता येत नाही.

आता @बग_बाबा. तुमचा प्रोग्राम खोटं बोलला नाही, तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारलात. तुम्ही विचारलंत, "दोन पायऱ्यांत किती हललास?" वरचं सूत्र बघा, तो हलतो 18e³ इतका. हे दशलक्षांशाखाली कधी जातं? e साधारण ०.००३८ झाला की. म्हणजे क्रमिका अजून ०.००३८ दूर असताना, तीन हजार आठशेच्या आसपास पायरीला, तुमचा प्रोग्राम म्हणणार, "हलायचा थांबला, चक्र सापडलं." आणि दाखवणार ०.६६३ आणि ०.६७०. तुम्ही दिलेले आकडे हेच होते ना? तुमची कसोटी हजारपट कडक केली, म्हणजे अब्जांश केली, तरी e फक्त दहापट कमी होईल. घनमूळ मधे येतं. पुन्हा "आवर्त दोन"च म्हणेल, फक्त आकडे जवळचे असतील. खरं चक्र असतं तर कसोटी कडक केल्यावर ते दोन आकडे जागचे हलले नसते.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

ते "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही" वाक्य कोणीतरी फ्रेम करून लावा. दुपारी एक ते चार बंदच्या पाटीशेजारी.

बग_बाबा

बरं बाबा, कान पकडले. कसोटी अब्जांश करून बघितली, आकडे खरंच सरकले: ०.६६६३ आणि ०.६६७०. लाज राखायला दुसरा प्रोग्राम लिहिलाय. लागोपाठच्या दोन संख्यांतली दरी छापतो, ३ ला आणि ३.०१ ला:

```
for r in (3, 3.01):
    x = 0.5
    for n in range(1, 6401):
        x = r*x*(1-x)
        if n in (400, 1600, 6400):
            print(r, n, round(abs(r*x*(1-x) - x), 3))
```

निकाल असा. r = 3 ला दरी ४०० व्या पायरीवर ०.०२३, १६०० व्या पायरीवर ०.०१२ आणि ६४०० व्या पायरीवर ०.००६. r = 3.01 ला तिन्ही ठिकाणी ०.०६७.

म्हणजे ३ ला पायऱ्या चौपट केल्या की दरी निम्मी. ३.०१ ला पायऱ्या कितीही वाढवा, दरी जागची हलत नाही. हे आधी छापलं असतं तर एवढं बोलून घ्यावं लागलं नसतं.

ऋजुता_प

मीही कागद घेऊन बसले होते. दोनाच्या चक्रातल्या दोन संख्यांतल्या अंतराचं सूत्र निघतं:

```
sqrt((r - 3)(r + 1)) / r
```

३.०१ घातलं तर ०.०६६५. बग_बाबांचा आकडा जुळतो. ३.२ घातलं तर ०.२८६, अनघाताईंच्या ०.७९९ आणि ०.५१३ मधला फरक. आणि ३ घातलं तर शून्य. म्हणजे ३ ला चक्र जन्मतं खरं, पण जन्मताना त्याच्या दोन्ही संख्या एकाच जागी असतात. त्याला चक्र म्हणता येत नाही. माझं आधीचं विधान मागे घेते. "३ च्या पुढे" म्हणायला हवं होतं, मी "३ ला" म्हटलं.

पण एक विचारू का? चौपटीला निम्मी हे कुठून आलं?

प्राध्यापक_नव्हे

दोन पायऱ्यांना e कमी होतो 18e³ ने. एक भागिले e वर्ग ही राशी घेतलीत तर ती दर दोन पायऱ्यांना सुमारे ३६ ने वाढते. म्हणजे n पायऱ्यांनंतर ती साधारण 18n होते, आणि

```
e ≈ 1 / sqrt(18 n)
```

n शंभर घाला, ०.०२४ येतं. अनघाताईंच्या एक्सेलमध्ये २/३ पासूनचं अंतर ०.०२३ होतं. सूत्र अंदाजे असूनही जवळ बसतंय. आता उलटं विचारा: तीन दशांश स्थळं पक्की व्हायला, म्हणजे e ०.०००५ पर्यंत यायला किती पायऱ्या? दोन लाख बावीस हजार. सहा स्थळांसाठी हजारो कोटींचा हिशेब लागतो. २.९ ला जे शंभरात भागतं ते ३ ला आयुष्यात भागत नाही. आणि हे फक्त ३ लाच नाही, ३ च्या जवळ दोन्ही बाजूंना क्रमिका सुस्तावते. २.९९ ला दर पायरीला चूक फक्त एक टक्का कमी होते.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

आता ह्या सगळ्यात तो फुलपाखराचा केऑस कुठे येतो? मी त्यासाठी थांबलोय आणि तर्री संपत आली.

प्राध्यापक_नव्हे

तो पुढच्या स्टॉपला. थोडक्यात सांगतो.

३ च्या पुढे गेल्यावर दोन पायऱ्यांच्या सूत्राला जणू नवीन सूत्र समजायचं. चक्रातली प्रत्येक संख्या ही त्या नव्या सूत्राचा स्थिरबिंदू. तिचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे दोन्ही संख्यांवरच्या डेरिव्हेटिव्हचा गुणाकार, आणि तो येतो `4 + 2r - r^2`. ३ ला हा अधिक १ असतो. ३.२ ला ०.१६, म्हणून तुमच्या मुलीच्या वहीतलं ते चक्र इतकं पटकन बसलं. r वाढवत गेलं की तो शून्यातून खाली उतरतो आणि `1 + sqrt(6)` ला, म्हणजे सुमारे ३.४४९ ला, उणे १ होतो. पुन्हा तोच नळ, तोच हात. दोनाचे चार होतात. मग ३.५४४ ला आठ, ३.५६४ ला सोळा. टप्पे भराभर जवळ येत जातात आणि ३.५७ च्या किंचित अलीकडे सगळे संपतात. त्यानंतर तुमचं फुलपाखरू.

१९७५ मध्ये लॉस अलामॉसला मिचेल फायगेनबाम हे टप्पे एचपी-६५ ह्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर काढत होता. यंत्र हळू, आणि टप्प्याजवळ क्रमिकाही हळू, आत्ता आपण जे भोगलं तेच. वाट बघण्यापेक्षा पुढचा टप्पा कुठे येईल याचा अंदाज बांधावा म्हणून त्याने टप्प्यांमधली अंतरं ताडून पाहिली, तर प्रत्येक अंतर पुढच्याच्या साधारण ४.६६९ पट निघत होतं. वरच्या आकड्यांवर तुम्हीही बघा: ३ ते ३.४४९ हे अंतर ३.४४९ ते ३.५४४ च्या पावणेपाच पट आहे. दुसऱ्या वेगळ्याच सूत्रावर केलं तरी तोच ४.६६९. माझ्या मते यंत्र वेगवान असतं तर त्याला हे सुचलं नसतं. पण हे माझं मत.

बेरीजवजाबाकी

मताशी असहमत. वेगवान यंत्र असतं तर टप्पे जास्त मिळाले असते आणि गुणोत्तर जास्त चटकन दिसलं असतं. आळसाला श्रेय देण्याची ही पुणेरी पद्धत थांबवा.

चाकण_एक्सप्रेस

सगळा धागा वाचला. लॉजिस्टिकचा इथे काही संबंध नाही हे आता कळलं. मग नाव का ठेवलंय ते तरी सांगा.

ऋजुता_प

नाव व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने लोकसंख्येच्या वक्राला १८४५ मध्ये दिलं. हे पायरी-पायरीचं रूप गाजलं ते १९७६ मध्ये, रॉबर्ट मे यांनी नेचरमध्ये त्यावर लेख लिहिला तेव्हा. तेही प्राण्यांच्या संख्येचा विचार करत होते: या वर्षी किती, त्यावरून पुढच्या वर्षी किती. ट्रकचा संबंध नाही, दादा.

बग_बाबा

एक शंका उरली. सहा स्थळांसाठी हजारो कोटी पायऱ्या म्हणालात. पण कॉम्प्युटर सोळा-सतरा अंकच धरतो. e दशलक्षांशाच्या आसपास आला की 18e³ हे त्या शेवटच्या अंकापेक्षाही लहान होणार. मग पाऊल कापलं जाऊन क्रमिका खरोखरच दोन संख्यांवर अडकेल ना? म्हणजे कॉम्प्युटरमध्ये तरी मी बरोबर?

प्राध्यापक_नव्हे

अडकण्याची शक्यता मीही धरतो, साधारण त्याच अंतरावर. पण शेवटच्या अंकाची काटछाट कुठल्या बाजूला होते, `3*x*(1-x)` कंसासकट लिहिता की `3*x - 3*x*x`, यावर ते अवलंबून राहील. चालवल्याशिवाय मी पैज लावणार नाही. आणि अडकली तरी ती कॉम्प्युटरच्या संख्यांची गोष्ट झाली, r = 3 ची नाही. कापरेकरांच्या मोजक्या संख्यांसारखी.

बग_बाबा

सी मध्ये लिहून लावलंय. पायथॉनमध्ये मुलीचं लग्न होईपर्यंत संपलं नसतं.

अनघा_सिंहगडरोड

सर्वांचे आभार. लेकीने काल वहीत लाल गोलाच्या खाली चौथ्या घाताचे अवयव पाडून लिहिले आणि शेजारी बग_बाबांचे तीन-तीन आकडे. मॅडमनी बघितलं, "बरोबर" केलं, आणि म्हणाल्या, मग आधी चुकीचं का लिहिलं होतंस? ती म्हणाली, पत्रकात "शंभर पायऱ्या करून काय दिसतं ते लिहा" असं आहे, आणि शंभर पायऱ्यांना दोनच दिसतात. त्यावर मॅडम गप्प. गुण किती दिले ते अजून कळलेलं नाही.

पत्रकात "काय दिसतं" होतं की "कुठे स्थिरावते", यावर आता घरात नवीन वाद सुरू झालाय. मी वर "कुठे स्थिरावते" लिहिलं होतं, पण पत्रक तिच्या मैत्रिणीकडे गेलंय. आलं की फोटो टाकते.

फाउंड्रीवाले_काका

आज नळ अर्धाच फिरवला. तीन झटक्यांत जमलं.

बग_बाबा

अजून चालू आहे. पंख्याचा आवाज ऐकून बायको विचारतेय, लॅपटॉप काय करतोय. "२/३ कडे चाललाय," म्हटलं.